आयडी ब्लॉक झाला, दाद कोणाकडे मागायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी पुण्यात हडपसर भागात एका अ‍ॅपसाठी जेवणाच्या ऑर्डर पोहोचवतो. मध्यंतरी रात्री एका सोसायटीत गेलो. रायडरला आत सोडायचं नाही, असा तिथला नियम. ग्राहकाला फोन केला तर म्हणाले, ‘वॉचमनकडे ठेवून जा.’ पार्सल ठेवलं, फोटो काढला, अ‍ॅपवर डिलिव्हरी पूर्ण केली. सकाळी लॉगइनच होईना. ऑर्डर मिळाली नसल्याची तक्रार आहे, आयडी तात्पुरता ब्लॉक केला आहे, एवढंच स्क्रीनवर. ऑर्डरची रक्कमही माझ्या पेआउटमधून कापलेली.

आम्हाला ग्राहकाचा खरा नंबर दिसत नाही, कॉल कंपनीच्याच यंत्रणेतून जोडला जातो. म्हणजे मी फोन केला होता आणि त्या वेळी गेटवरच होतो, याची नोंद कंपनीकडेही असणार. ती कोणी उघडून पाहिली नाही. मदतीच्या चॅटमध्ये ठरलेले पर्याय, त्यांना ठरलेली उत्तरं. फोटो जोडायची सोय नाही. तक्रारीचं तिकीट टाकलं, ते कोणी न बोलताच बंद झालं. टीम लीडर म्हणाला, ‘भाऊ, सिस्टिमने केलंय, माझ्या हातात काही नाही.’ पुढे आयडी सुरू झाला, तोही काही न सांगता. मधली कमाई बुडाली, आठवड्याचा इन्सेन्टिव्ह गेला, कापलेले पैसे आलेच नाहीत. वॉचमनला कोणी एक फोन केला असता, तरी खरं काय ते कळलं असतं.

रेटिंगचंही तसंच. हॉटेलने ऑर्डर उशिरा हातात दिली तरी चिडलेला ग्राहक तारे कापतो ते आमचे. कोणत्या ऑर्डरमुळे रेटिंग घसरलं, हे आम्हाला दिसत नाही. मग सुधारायचं तरी काय?

केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यात आमच्यासाठी कंपन्यांकडून निधी घ्यायची तरतूद आहे आणि ती हवीच होती. पण आयडी ब्लॉक झाल्यावर दाद कुठे मागायची, याबद्दल तिच्यात काही नाही. कर्नाटकाच्या 2025 च्या कायद्याने मात्र काम बंद करण्याआधी लेखी कारण आणि 14 दिवसांची नोटीस देणं कंपन्यांना बंधनकारक केलं आहे.

महाराष्ट्रानेही असा कायदा करावा आणि त्यात तात्पुरत्या ब्लॉकचा स्पष्ट उल्लेख असावा. आमच्यातल्या बहुतेकांचा आयडी कायमचा जात नाही, चार-पाच दिवसांसाठी जातो, आणि गाडीचा हप्ता नेमका त्यातच चुकतो. पैसे कापण्याआधी रायडरचं म्हणणं मराठीत ऐकून घेणारा माणूस असावा, पुरावा देता यावा आणि निर्णय ठरावीक मुदतीत लेखी मिळावा. चूक कंपनीची निघाली, तर बुडालेल्या दिवसांची भरपाईही तिनेच द्यावी. कामगार विभागाने यात लक्ष घालावं, ही विनंती.

आपला,
एक डिलिव्हरी रायडर, हडपसर, पुणे