साडेचार लाखांचं पॅकेज

यवतमाळ

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मला कीटकनाशक कंपनीत मिळालेल्या विक्रीच्या नोकरीचं तुम्ही गावात सगळ्यांना साडेचार लाखांचं पॅकेज म्हणून सांगून टाकलं, असं आईकडून कळलं. त्या भरवशावर विहिरीच्या कर्जाचं बोलायला बँकेत जायच्या आधी हे पत्र वाचा. फोनवर एवढा हिशोब सांगता येत नाही.

साडेचारपैकी पक्के फक्त 3 लाख, म्हणजे महिन्याला 25 हजार. बाकीचा दीड लाख इन्सेंटिव्ह आहे. कीटकनाशकांची विक्री वर्षभरात दीड कोटी झाली तर त्याचा एक टक्का, म्हणजे दीड लाख मिळणार. कागदावर छान दिसतं. पण माझ्याआधी हा एरिया सांभाळणाऱ्याने गेल्या वर्षी किती विकलं, हे मी एचआरला विचारलं तर उत्तर गोलमोल आलं. म्हणून आर्णी, दारव्हा, दिग्रसच्या कृषी केंद्रांत स्वतः फिरले. एवढी वर्षं दुकानात काम केल्याने बहुतेक दुकानदार ओळखीचे आहेत. सगळ्यांचे आकडे जोडले तर बेरीज 1 कोटी 10 लाखांच्या आसपास येते.

आता यातली खरी मेख सांगते. टार्गेटच्या 80 टक्क्यांखाली इन्सेंटिव्ह शून्य, असं पत्रात लिहिलंय. दीड कोटीचे 80 टक्के म्हणजे 1 कोटी 20 लाख. म्हणजे त्या माणसाएवढं मीही विकलं तर एक रुपया सुटणार नाही आणि साडेचार लाखांचे तीनच लाख उरतील.

त्यात विक्री मोजायची ती माल वापसी वजा करून. जून-जुलैत स्कीमच्या नादात दुकानदार माल भरून ठेवतात. अळी कमी आली, पाऊस लांबला, की उरलेला माल दिवाळीच्या आगेमागे कंपनीकडे परत. दिग्रसच्या एका दुकानदाराने मागच्या खोलीत छतापर्यंत रचलेले खोके दाखवले आणि म्हणाला, “ताई, हे सारं वापस जाणार, याच्या बिलावर टार्गेट झालं म्हणून नाचू नका.” समजा मी सव्वा कोटीची बिलं फाडली आणि 10 लाखांचा माल वापस आला, तर उरले 1 कोटी 15 लाख. पुन्हा शून्य!

टार्गेटच्या वर विकलं तर वरच्या विक्रीवर दोन टक्के, असं साहेबांनी फार रंगवून सांगितलं. पण खाली बारीक अक्षरात आहे की वर्षाचा एकूण इन्सेंटिव्ह 2 लाखांपुढे जाणार नाही. म्हणजे पावणेदोन कोटीला तो दुप्पट दर संपतो, पुढची विक्री फुकट. यावर मी भांडले नाही. जिथे सव्वा कोटी होत नाही तिथे पावणेदोनच्या पुढची काळजी कशाला?

भांडले ते पैसे कधी हातात येणार यावर. खरिपात माल जातो उधारीवर, कापूस विकल्यावर कास्तकार दुकानदाराला देतो आणि मग दुकानदार कंपनीला. वसूल झालेल्याच विक्रीवर इन्सेंटिव्ह, हिशोब मार्चनंतर, पैसे मेच्या पगारात, आणि त्या दिवशी मी नोकरीवर असले तरच. फेब्रुवारीत काढून टाकलं तर अख्ख्या हंगामाची मेहनत बुडाली.

तीन चकरांनंतर एवढं पदरात पडलं: टार्गेट 1 कोटी 30 लाख, आणि अट 80 ऐवजी 70 टक्क्यांची. म्हणजे 91 लाख गाठले की पहिल्या रुपयापासून एक टक्का धरणार. डिसेंबरपर्यंत जेवढं वसूल होईल त्यावरचा अर्धा इन्सेंटिव्ह जानेवारीत, बाकीचा मेमध्ये. कंपनीने स्वतःहून काढलं तर वसूल झालेल्या विक्रीचे पैसे द्यायचे, हेही मान्य केलं. हे सगळं ईमेलवर मागून घेतलंय, कारण योजना कधीही बदलण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवलाय आणि ते वाक्य काही त्यांनी काढलं नाही. निदान चालू वर्षाचं टार्गेट मध्येच वाढवणार नाही, एवढं लिहून दिलं.

आता गेल्या वर्षाएवढीच निव्वळ विक्री झाली तर 1 लाख 10 हजार मिळतील, म्हणजे वर्षाचे 4 लाख 10 हजार. दुकानातल्या 18 हजारांपेक्षा पक्का पगारही जास्त, म्हणून हो म्हणतेय.

पण बाबा, विहिरीचा हप्ता 25 हजारांत बसेल एवढाच काढा. जानेवारीचे पैसे आले तर मोटर घेऊ, तोवर बँकेत पॅकेजचा आकडा सांगू नका, ऑफर लेटरमधला पक्का पगार दाखवा. आई, काकूलाही तूच समजावून सांग, बाबा सांगणार नाहीत.

तुमची,
मनू