निर्जळी उपवास आणि बारा तासांची गोळी

संपादक महोदय,

माझ्या मेहुण्यांचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले आहे. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिली जाणारी टॅक्रोलिमसची गोळी ते सकाळी ८ आणि रात्री ८ वाजता घेतात. गेल्या वर्षी निर्जळी उपवासाला त्यांनी सकाळची गोळी टाळली आणि रात्री दोन एकदम घेतल्या. इथेच चुकले. दिवसभर रक्तातले औषध कमी पडले की शरीर नव्या मूत्रपिंडावर उलटू शकते; दुप्पट डोसाने ते भरून निघत नाही, उलट मूत्रपिंडालाच इजा होऊ शकते. त्यात पाणी नाही. संध्याकाळी लघवी थोडी आणि गडद झाली, उभे राहताना चक्कर आली. रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेले निघाले, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावले होते. सुदैवाने ते उतरले.

दिवसातून एकदाच घ्यायची टॅक्रोलिमसही मिळते, पण तो बदल डॉक्टरच काही आठवडे आधी, रक्ततपासणी करत करतात. आदल्या रात्री विचारून काय उपयोग? ताप, पायांवर सूज, प्रत्यारोपित मूत्रपिंडाच्या जागी दुखणे किंवा गोळी उलटून पडणे, यांपैकी काहीही झाले तर उपवास तिथेच सोडून डॉक्टरांना फोन करावा. आमच्याकडे आता मेहुण्यांऐवजी ताई उपवास करते.

– एक वाचक