अठरा तारखेचं व्याज

नौपाडा, ठाणे
16 नोव्हेंबर 2025

चि. मृण्मयी,
अनेक आशीर्वाद.

बुधवारी फोनवर तू चिडलीस आणि मीही आवाज चढवला. गुरुवारी माझं ऑपरेशन आहे, त्याआधी हे मनात राहायला नको म्हणून लिहितोय. ऑपरेशनबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. पोस्टाबद्दलच लिहितो.

तू ई-पासबुक उघडलंस, आईच्या बचत खात्यात 640 रुपये दिसले आणि तू म्हणालीस, "बाबा, नऊ लाख ठेवलेत आणि पोस्टवाले व्याजच देत नाहीत." व्याज चुकलेलं नाही. तू बारा तारखेला पाहिलंस आणि व्याज येतं अठराला. पण 640 हा आकडा बघून तुझ्या पोटात गोळा आला, हे बरंच झालं. आईला तो आला नसता. व्याज खरोखर थांबलं तरी ती काउंटरवर जाऊन विचारणार नाही, घरखर्चातून काटकसर करेल आणि गप्प बसेल. म्हणून हे खातं तुला वाचता यायला हवं.

कपाटात दोन पासबुकं आहेत. एक मासिक उत्पन्न योजनेचं, म्हणजे एमआयएसचं. त्याच्या पहिल्या पानावरच्या तीन गोष्टी बघ: खातं उघडल्याची तारीख 18 मार्च 2024, रक्कम 9,00,000, मुदत 18 मार्च 2029. एकट्याच्या नावावर नऊ लाखांपर्यंतच ठेवता येतात, म्हणून तेवढेच ठेवले. दर 7.4 टक्के. तो खातं उघडलं त्या दिवशीचा आणि पाचही वर्षं तोच. सरकार दर तिमाहीला नवे दर जाहीर करतं, त्याचा या खात्याशी संबंध नाही, ते वाचून आईला फोन करत जाऊ नकोस. नऊ लाखांवर वर्षाचे 66,600, भागिले बारा, महिन्याचे 5,550. महिना मोजायचा तो कॅलेंडरचा नाही, खात्याचा. अठरा मार्चला पैसे भरले, महिना पुरा झाला अठरा एप्रिलला, तेव्हा पहिलं व्याज. तेव्हापासून दर अठरालाच. एक तारखेला पगारासारखं बघायला गेलं तर काहीच दिसणार नाही.

या पासबुकात शिल्लक कायम नऊ लाखच राहणार. ती वाढत नाही, म्हणजे व्याज मिळत नाही असं नव्हे. व्याज बाहेर पडून बचत खात्यात जातं आणि ते दुसऱ्या पासबुकात शोधायचं. दोन्ही पुस्तकं समोरासमोर ठेवल्याशिवाय या खात्याचा अर्थ लागत नाही. तू लहान असताना माझ्या मांडीवर बसून पासबुकातले आकडे मोठ्यानं वाचायचीस, "एक शून्य, दोन शून्य" करत. आता कंपन्यांचे ताळेबंद वाचतेस. मी ते बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगत असतो, तुला आवडत नाही तरी.

असो. आता 640 कसे झाले ते बघ, बचत खात्याच्या नोंदी माझ्यासमोर आहेत. सात ऑक्टोबरला आरडीचे, म्हणजे दरमहा हप्त्याने भरायच्या आवर्ती ठेवीचे, 3,000 वळते झाल्यावर शिल्लक 1,590 होती. अठराला, धनत्रयोदशीच्या दिवशी, 5,550 जमा झाले, शिल्लक 7,140. चोवीस तारखेला आईने माझ्या तपासण्यांसाठी 6,500 काढले आणि उरले 640. सात नोव्हेंबरला आरडीचा हप्ता वळता व्हायचा होता, पण खात्यात पैसेच नव्हते, म्हणून तो गेला नाही. आईने मला सांगितलंही नाही. तिला वाटलं, पोस्ट आपोआप सांभाळून घेईल.

इथेच तारखांची खरी गोम आहे. आरडी आपण सात जूनला उघडली. पंधरा तारखेपर्यंत उघडलेल्या आरडीचा हप्ता दर महिन्याच्या पंधरापर्यंत भरावा लागतो. सोळा किंवा त्यानंतर उघडली असती, तर महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत मुभा मिळाली असती. व्याज येतं अठराला, हप्ता मागतो पंधराच्या आत. म्हणजे या महिन्याच्या व्याजातून या महिन्याचा हप्ता कधीच जाणार नाही, मागच्या महिन्याच्या व्याजातले तीन हजार महिनाभर राखून ठेवायला लागतात. शिवाय बचत खात्यात 500 किमान शिल्लक हवी. म्हणून सातच्या आत 3,500 खात्यात असलेच पाहिजेत. हा एक आकडा लक्षात ठेवलास तरी पुरे. हप्ता चुकला की शंभरामागे एक रुपया, म्हणजे तीन हजारांवर 30 रुपये जादा. तीस रुपये काही नाहीत. पण असे चार हप्ते चुकले की आरडी खंडित होते आणि ती पुन्हा सुरू करायला फक्त दोन महिने मिळतात. आणि आई विचारणार नाही, हे मी परत लिहिलं का? लिहिलं असेल.

तू विचारलंस, बचत खात्यात चार टक्के मिळतात तर दर महिन्याचे साडेपाच हजार तिथेच का पडू देत नाही. मिळतात, पण ते मोजले जातात दहा तारखेनंतर महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिल्लकेवर, आणि जमा होतात वर्षातून एकदाच, आर्थिक वर्षाच्या शेवटी. ऑक्टोबरमध्ये 5,550 आले तरी त्या महिन्याचं बचत व्याज 640 वरच धरलं जाणार, दोन रुपयांच्या आसपास. आईने काहीच काढलं नसतं तरी ते 1,590 वरच धरलं असतं, कारण अठराच्या आधी शिल्लक तेवढीच होती. जे काढायचं ते महिन्याच्या दहाच्या आत काढावं, एवढाच यातला उपयोगाचा भाग.

आता व्याज खरंच थांबलं तर काय करायचं. वीस तारखेला बचत खात्याचं ई-पासबुक बघ. आईचा मोबाइल नंबर नोंदलेला आहे, ओटीपी तिच्याकडे येईल, तिला सांगून ठेव. एखाद्या दिवसाने मागेपुढे नोंद दिसली तर घाबरू नकोस. वीसलाही 5,550 दिसले नाहीत, तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: एमआयएसला जोडलेलं बचत खातं तुटलेलं असतं किंवा चुकीचा नंबर पडलेला असतो. 1 एप्रिल 2022 पासून हे व्याज रोखीत देणं बंद झालं, ते फक्त खातेदाराच्याच बचत खात्यात जातं, पोस्टातल्या किंवा बँकेतल्या. जोडलेलं खातं नसेल तर व्याज बुडत नाही, पोस्टाच्या सन्ड्री ऑफिस अकाउंटमध्ये जाऊन पडतं. तिथे पडून राहिलं तर त्यावर एक पैसा व्याज मिळत नाही, सहा महिने असो की दोन वर्षं. थकलेली सगळी रक्कम नंतर बचत खात्यात किंवा चेकने मिळते, पण मागितल्याशिवाय नाही.

म्हणून आईला घेऊन जा. दोन्ही पासबुकं आणि एसबी-83 फॉर्म लागेल, त्यावर एमआयएसचा आणि बचत खात्याचा नंबर लिहायचा आणि सही आईची. काउंटरवर "व्याज आलं नाही" असं म्हणू नकोस, त्यावर "येईल" एवढंच उत्तर मिळतं. "या एमआयएसला कोणतं बचत खातं जोडलंय ते बघून नंबर सांगा" असं म्हण आणि तो नंबर पासबुकावरच्या नंबराशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळव. बचत खातं त्याच पोस्टात असायची गरज नाही, संगणकाने जोडलेल्या कुठल्याही पोस्टातलं चालतं. बँकेत वळवायचं असेल तर फॉर्म वेगळा, ईसीएस-1, सोबत रद्द केलेला चेक. पण वळवू नकोस, ही आरडी पोस्टातल्याच खात्यातून जाते.

पुन्हा शिकवणी सुरू झाली, माफ कर. नोकरी सगळी पोस्टात गेली, त्यामुळे तोंडात हेच येतं. आणि खरं सांगू, हे लिहीत बसलो की गुरुवारचं डोक्यात येत नाही.

तू म्हणालीस की ऑपरेशनसाठी एमआयएस मोडूया. मोडू नका. यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, खातं पूर्णच बंद करावं लागतं. एक वर्षानंतर आणि तीन वर्षांच्या आत बंद केलं तर मुद्दलातून दोन टक्के कापतात, म्हणजे आज 18,000 जातील, तीन महिन्यांच्या व्याजाहून जास्त. 18 मार्च 2027 नंतर एक टक्का, 9,000. पैशांची सोय झालेली आहे, तुझ्या भावाला विचार. माझं काही बरंवाईट झालं तरी हे खातं आईच्या एकटीच्या नावावर आहे, त्याला हात लागत नाही, दर अठराला 5,550 येतच राहतील. हे वाक्य लिहायचं नव्हतं. पण लिहिलंय तर राहू दे.

फक्त मार्च 2029 लक्षात ठेव. 18 मार्चला शेवटचं व्याज येईल आणि एप्रिलमध्ये काहीच येणार नाही. खातं आपोआप पुढे चालू होत नाही. अर्ज आणि पासबुक देऊन ते बंद करून मुद्दल घ्यावं लागतं, मग पुन्हा ठेवायचं तर नव्या खात्यात, तेव्हाच्या दराने. आई एप्रिल, मे, जून वाट बघत बसेल आणि विचारणार नाही.

बुधवारी तू सकाळी पोचशील तेव्हा अठराचे 5,550 जमा झालेले असतील, शिल्लक 6,190. आधी आईबरोबर पोस्टात जा, मग घरी ये. आरडीचा नोव्हेंबरचा हप्ता दंडासह 3,030 भरा, उरतील 3,160. ते डिसेंबरच्या सातला कमी पडतील, कारण 3,500 हवेत, म्हणून तिथेच 500 रोख भरून टाका. दोन्ही पासबुकं छापून घ्या. पासबुकं माझ्या कपाटात वरच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत, आईला जागा माहीत आहे, किल्ली तिच्याचकडे. पैसे ती काढेल, फॉर्म तीच भरेल. तू शेजारी उभी राहा आणि प्रश्न तिला विचारू दे.

तुझा,
बाबा