लाडू कधी देणार?

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गणपतीला मी येतेय, गौरीजेवणापर्यंत राहीन. आई, तू फोनवर म्हणालीस, "सगळे जमतील, कुणी काही बोललं तर तोंडाला लागू नकोस." नाही लागणार. पण यंदा तुम्हा दोघांची थोडी मदत हवी आहे, आणि ती फोनवर नीट सांगता येत नाही.

थोरले काका पहिल्याच पंगतीला विचारणार, "काय गं, लाडू कधी देणार?" मी ताट पुढे करून म्हणेन, "हे काय काका, आत्ताच. रव्याचा की बुंदीचा?" पंगत हसेल. आता खरा धोका पुढच्या दोन क्षणांत असतो. काका स्वतः हसून लाडू उचलतात, तेवढ्यात आई म्हणते, "अहो, सांगून थकलो, ऐकतच नाही." झालं! मिटलेला विषय पुन्हा ताटात येतो, आणि आता काकांना तुझी बाजू घ्यावीच लागते. आई, तेव्हा काहीच बोलू नकोस. वरण वाढ, मीठ कुणाला हवं ते विचार. बाबा, तुम्हीही "करेल हो पुढच्या वर्षी" म्हणू नका. तुमच्या दृष्टीने ती सारवासारव असते, पण काका ते वर्ष लक्षात ठेवतात.

काकांनी पुन्हा विचारलं तर मी नवा विनोद शोधणार नाही. "ठरलं की पहिला फोन तुम्हाला," एवढंच. दर वेळी नवं उत्तर दिलं की विचारणाऱ्याला खेळ वाटतो. तेच वाक्य तिसऱ्यांदा ऐकलं की त्यालाच कंटाळा येतो. आणि मोदक वळताना आत्याने विषय काढलाच, तर मी तिलाच उखाणा घ्यायला लावणार. तिला एक सांगितला की चार येतात, मग काकूला चढाओढ वाटते, आणि उकड गार होईपर्यंत माझं लग्न कुणाच्या लक्षात राहत नाही.

पगाराचं जरा वेगळं आहे. "पॅकेज किती?" याला आकडा सांगूच नये, खराही नाही आणि खोटाही नाही. कंपनी जो वर्षाचा आकडा सांगते त्यात तिने भरायचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा सगळं धरलेलं असतं, हातात येतो तो बराच कमी. तो मोठा आकडा एकदा मुंबईला पोचला की कुणाचं तरी "जरा नड आहे" निघतं, नाहीतर कुणाच्या तरी मुलाला तो ऐकवला जातो. म्हणून मी म्हणते, "एक तारखेला येतो, पाच तारखेला हप्ते घेऊन जातात. मधले चार दिवस मी श्रीमंत." बाबा, तुम्हाला अभिमान वाटतो हे मला कळतं, पण अंगणात कुणाला हळूच आकडा सांगू नका. आपल्या घरात हळू बोललेलंच सगळ्यात लांब जातं.

धाकट्याच्या बाबतीत मात्र विनोद नको. "झालास का कलेक्टर?" हे त्याला लागतं, आणि हसून उत्तर द्यायची ताकद सध्या त्याच्यात नाही. त्याला मी एक युक्ती सांगितलीय: सविस्तर माहिती द्यायची. पूर्वपरीक्षा, मग मुख्य, मग मुलाखत. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीय, पेपर नऊ. एमपीएससीतून कलेक्टर नव्हे, उपजिल्हाधिकारी होतात. तिसऱ्या वाक्याला विचारणारा पाण्याचा तांब्या शोधायला उठतो. तरी कुणी चिकटून बसलंच, तर बाबा, तुम्ही त्याला हाक मारा, "अरे, आरतीची पुस्तकं आण." मुलगा तिथून उठला की पुरे.

एक गोष्ट मी कटाक्षाने पाळते. विचारणाऱ्याच्या घरातलं दुखणं उत्तरात आणायचं नाही. आत्याच्या मुलाच्या नोकरीचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. ते काढलं तर ती जागच्या जागी गप्प होईल, पण गौरी तशाच अबोल्यात जेवतील आणि पुढच्या वर्षी ती येणार नाही. हसू माझ्या हप्त्यांवर, लाडवांवर असलं की कुणाचं काही जात नाही.

आणि हो, आत्या पर्समध्ये एखादा बायोडाटा घेऊन येईलच. मी "तूच बघ ना माझ्यासाठी" असं थट्टेतसुद्धा म्हणणार नाही, कारण ती खरंच बघते. बाबा, तिने कागद दिला तर घ्या, घडी घालून खिशात ठेवा, चहा विचारा. "हिला विचारून सांगतो" मात्र म्हणू नका, नाहीतर विसर्जनाच्या आधी मुलाकडचे फोन सुरू होतील.

तुमची,
ताई