बाबांच्या कवितेबद्दल

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

बाबा, सुट्टी संपवून आम्ही निघाल्यावर तुम्ही लिहिलेली कविता मिळाली. 'वृत्तात बसते का बघ,' म्हणालात म्हणून बोटांवर मोजली. अष्टाक्षरीत प्रत्येक ओळीत आठ अक्षरं हवीत, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही आणि जोडाक्षर एकच धरायचं. तुम्ही 'चष्मा' तीन अक्षरांचा धरून उगाच घाबरलात, तो दोनच अक्षरांचा आहे. पहिलं कडवं तर झकास जमलंय:

दार सताड उघडे,
चपला चारी दिशांना,
आजोबांचा चष्मा कुठे
आजीलाही सापडेना

यात नातीचं नावसुद्धा नाही, तरी ती घरभर आहे. पुढचं कडवं मला याहून आवडलं:

आता चष्मा जागेवर,
चपलांची जोडी नीट,
सोफ्याखाली सापडले
खेळातले ते तिकीट

पहिल्या कडव्यात हरवलेल्या, विस्कटलेल्या वस्तू इथे मुकाट्याने जागेवर आल्या. घर शांत झालं ते एवढ्यानेच कळतं. फक्त शेवटच्या ओळीतलं 'ते' आठ अक्षरं भरायला आलंय, आणि 'खेळातले' म्हटल्यावर कसला खेळ ते दिसत नाही. तुम्ही दोघं जेवणाच्या खुर्च्यांच्या बसमध्ये प्रवासी होऊन बसायचात आणि ती वहीचा कागद फाडून तिकिटं द्यायची, ते येऊ दे की! 'बसचे खोटे तिकीट' केलं तर आठच अक्षरं होतात आणि यमकही टिकतं.

तिसरं कडवं मात्र काढून टाका. रागावू नका. 'घर सुने सुने झाले, डोळे भरून येतात' हे मोजून आठ-आठ अक्षरांचं आहे, पण ते कुठल्याही आजोबांचं चालेल. शिवाय तिकीट सापडल्यावर वाचणाऱ्याच्या घशाशी जे येतं, ते तुम्हीच पुढे सांगून टाकता. मग त्याला करायला काही उरत नाही.

त्या जागी काय घालायचं ते आईला विचारा. आई, तू फोनवर हळूच म्हणालीस ना, की आम्ही गेल्यावर दुपारी गाढ झोपलीस आणि उठल्यावर त्या झोपेचीच लाज वाटली? ते कवितेत कुठेच नाही. नातवंडं गेल्यावर फक्त वाईटच वाटतं असं लिहिलं की कविता अर्धी खोटी होते. दमलेली माणसं सुटकेचा श्वासही टाकतात. तुम्हीही टाकला असणार, बाबा, रिमोट परत हातात आल्यावर!

सुरुवातीला ही ओळ घेऊन बघा: 'दुपारची शांत झोप'. आठ भरतात. पुढच्या तीन तुम्ही दोघांनी मिळून करा, मी करणार नाही. झालं की पाठवा, पण टाईप करून नको, बाबांच्या अक्षरात. तिला मोठ्याने वाचून दाखवायची आहे, आणि खोट्या तिकिटावर ती नक्की भांडणार: तिच्या मते ते खरंच होतं.

तुमची लेक