पाण्याच्या बिलावर टीडीएस छापा: पाणीपुरवठा मंत्र्यांना खुले पत्र

माननीय पाणीपुरवठा मंत्री, गोवा राज्य
सप्रेम नमस्कार.

मी फोंड्यात राहते. आमच्या नळाला ओपाचं, म्हणजे खांडेपार नदीचं पाणी येतं. गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या पावसात ते गढूळ आलं आणि आम्ही 14,500 रुपयांचं आरओ यंत्र घेतलं. आता दुसरा पावसाळा तोंडावर आहे. वर्षभराच्या नोंदी समोर ठेवून हे पत्र लिहिते आहे.

यंत्र विकताना विक्रेत्याने दोन पेल्यांत लोखंडी कांड्यांचं उपकरण बुडवलं. नळाच्या पाण्याचा पेला तांबूस झाला, आरओचा स्वच्छ राहिला. सासूबाई घाबरल्याच. पुढे मी त्याच उपकरणाने आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून पाहिलं, तर तोही पेला तांबूस झाला. तो रंग कांडीच्या लोखंडाचा असतो. पाण्यात थोडे क्षार असले की त्यातून वीज वाहते आणि कांडी झिजते. पाणी खराब असल्याचा तो पुरावा नव्हेच.

मग टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजणारा मीटर आणला. आमच्या नळाचं पाणी लिटरला 74 मिलीग्रॅम निघालं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात स्वीकारार्ह मर्यादा 500 आहे. त्याखालच्या पाण्यासाठी आरओवर बंदी घालावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्येच दिले होते. आमचं यंत्र 74 चं 7 करतं. ते पाणी इतकं बेचव लागलं की मी तक्रार केली. तंत्रज्ञाने मागचा स्क्रू फिरवला आणि आकडा 35 वर नेला. या स्क्रूने क्षार अडवणाऱ्या पडद्यातून, म्हणजे मेंब्रेनमधून, न गेलेलं पाणी गाळलेल्या पाण्यात मिसळतं. म्हणजे आधी क्षार काढायला पैसे मोजले, मग तेच पाणी परत मिसळून घेतलं.

बसवायला 850 रुपये जादा गेले. टाकी वर असल्याने दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागला. वीज नगण्य लागते, वर्षाला साधारण वीस-बावीस युनिट. खर्च फिल्टरचा आहे: पावसाळ्यात गाळ अडवणारी बाहेरची कँडल तीनदा बदलली (900 रुपये), आतल्या फिल्टरांचा संच 1,600, आणि वॉरंटी असूनही दोन भेटींचे 900. रोज 15 लिटर वापर धरला तर लिटरला सुमारे 62 पैसे, यंत्राची किंमत वेगळी. आणि वाया जाणारं पाणी? मी बादली लावून मोजलं. 5 लिटर शुद्ध पाण्यामागे 13 लिटर मोरीत जातं. वर्षाला हे 14,000 लिटरच्या वर झालं, तेही तुमच्या खात्याने शुद्ध करून पाठवलेलं पाणी. मी भांडी धुवायला वापरते, तरी सगळं वापरलं जात नाही.

अकराव्या महिन्यात धार बारीक झाली. एक लिटर भरायला पाच मिनिटं लागायची, आता नऊ. तंत्रज्ञ म्हणाला, "मेंब्रेन गेला, 2,800 होतील." मी मिसळणीचा स्क्रू बंद करायला लावला आणि मीटर धरला. आत 74, बाहेर 7, पहिल्या दिवशीसारखाच. मेंब्रेन फाटला असता तर बाहेरचा आकडा चढला असता. नुसती धार मंदावली तर आधी गाळाचा फिल्टर बघायचा असतो. तो बदलल्यावर लिटर साडेपाच मिनिटांत भरला. हा फरक ज्याला माहीत नाही त्याने 2,800 रुपये दिले असते.

आरओ सगळीकडेच निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. किनाऱ्याजवळच्या मचूळ विहिरीच्या पाण्याला तेच लागतं. एप्रिलमध्ये चार दिवस आमच्याकडे टँकर आला, त्या पाण्याचा आकडा 310 होता. पण टीडीएसवरून जंतू कळत नाहीत. जंतूंसाठी अतिनील किरणांचा यूव्ही दिवा पुरतो, मात्र पाणी गढूळ असलं की किरण आतपर्यंत पोचत नाहीत, म्हणून त्याआधी कँडल स्वच्छ हवी. ओपाच्या पाण्याला माझ्या मते कँडल, कार्बन आणि यूव्ही एवढं पुरे.

मंत्रिमहोदय, हे ठरवायला मला मीटर विकत घ्यावा लागला. तुमच्या खात्याकडे हे आकडे असायला हवेत. दर महिन्याच्या बिलावर आमच्या भागाच्या पाण्याचा टीडीएस, गढूळपणा आणि नळाशी उरणारा क्लोरीन एवढ्या तीन ओळी छापा. क्लोरीन मानकाप्रमाणे लिटरला किमान 0.2 मिलीग्रॅम असायला हवा. तो कमी पडला तर आम्ही सोसायटीची टाकी तपासू. पावसाळ्यात गढूळपणा वाढणार असेल तर आधी संदेश पाठवा, म्हणजे कँडल आणून ठेवता येईल.

चवथीला घरोघरी पाहुणे येतात आणि नव्या यंत्रांची खरेदीही तेव्हाच होते. त्याआधी, निदान फोंडा आणि तिसवाडीच्या बिलांवर, हे आकडे दिसावेत ही विनंती.

आपली,
फोंड्यातील एक नळग्राहक