पावसाचे आकडे परत तपासा, मगच ग्राफ काढा

सगळ्या ग्रुप्सना सूचना. दुसऱ्या आठवड्याच्या रीडिंग्ज बघितल्या, तापमानाचं बऱ्यापैकी जुळतंय पण पावसात गोंधळ आहे, एकाच मैदानात एकाच दिवशी एका ग्रुपला २० मिमी आणि दुसऱ्याला ५६ मिमी, असं कसं होईल?

कारण सापडलं. ५६ वाल्यांनी १० सेमी रुंद तोंडाचं फनेल ६ सेमी रुंद बाटलीवर बसवलंय आणि बाटलीतल्या पाण्याची उंची सरळ पट्टीने मोजली. पाणी गोळा होतं रुंद तोंडातून आणि साठतं अरुंद बाटलीत, म्हणून उंची वाढलेली दिसते. त्यांचं पाणी मापात ओतलं तर १५७ मिली भरलं. फनेलच्या तोंडाचं क्षेत्रफळ ३.१४ × ५ × ५ म्हणजे ७८.५ चौ.सेमी, १५७ भागिले ७८.५ बरोबर २ सेमी, म्हणजे २० मिमीच की!

तर जुने आकडे फेकू नका, उंचीला ०.३६ ने गुणा (६ चा वर्ग भागिले १० चा वर्ग), फक्त बाटली सरळ बाजूंची असेल तरच हे चालेल, तळ खळगेवाला असेल तर यापुढे मिलीमध्येच मोजा.

आणि हो, रीडिंग रोज सकाळी ८.३० लाच, मोजून झालं की बाटली रिकामी करा. एका ग्रुपने रविवारी मोजलंच नाही आणि तिथे शून्य लिहिलं, ते चूक आहे, रकाना कोरा ठेवा आणि सोमवारच्या आकड्यापुढे 'दोन दिवसांचा' असं लिहा. दुरुस्त तक्ते शुक्रवारपर्यंत टाका इथेच.